आतल्या कपड्यांची इस्त्री

कडक काकूंचं खरं नाव लाँड्रीच्या हजेरीपटावर आहे आणि ते तिथेच राहिलेलं बरं, कारण बावीस वर्षांत त्या नावानं त्यांना कुणी हाक मारलेली नाही. वेटरांचे कोट आणि टेबलांवर अंथरायची कापडं त्या अशा इस्त्री करत की घडीच्या कडेनं बोट कापावं. त्यावरून कुणीतरी 'कडक' म्हणालं, आणि स्वभावालाही शोभलं म्हणून ते टिकलं.

लाँड्री हॉटेलांचे कपडे घेणारी. इस्त्रीच्या खोलीत सहा टेबलं, एका भिंतीला चादरी दाबणारा मोठा रोलर, डोक्यावर वाफेचे पाइप आणि त्यांच्यावर पत्रा. पंखे दोन. त्यातला एक बंद, आणि दुसऱ्याचं तोंड सुपरवायझरच्या खुर्चीकडे. बाहेर माणसं 'काय उकडतंय' म्हणत सावली शोधत, तेव्हा आत काकूंच्या पाठीवरून घाम कंबरेत उतरायचा, कंबरेतून जांघेत, आणि तिथेच मुक्काम करायचा. हे सगळं त्या बावीस वर्षं सहन करत आल्या होत्या आणि त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

मग मालकांच्या डोक्यात युनिफॉर्मचं खूळ शिरलं. हॉटेलांचे लोक लाँड्री बघायला येतात, बायका नीटनेटक्या दिसायला हव्यात. म्हणून प्रत्येकीला एक निळी पँट आणि एक शर्ट मिळाला. एकच जोड. कापड असं की पाणी टाकलं तर ओघळून जाईल, पण घाम मात्र आतल्या आत धरून ठेवील. संध्याकाळी धुवायची, रात्रभर दारामागे टांगायची आणि सकाळी कंबरपट्टा ओला असला तरी चढवायची. सुती कापड धुण्यात आणि वाळवण्यात आयुष्य घालवलेल्या बायकांना हे असलं कापड घालायला लावणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते काकूंनी घरी म्हणून घेतलं. तेवढ्यानं पँट काही बदलली नाही.

पंधरा दिवसांत उजव्या जांघेत खाज सुटली. आधी वाटलं घामोळं असेल. मग एक लालसर गोल उठला. कड फुगीर, तिच्यावर बारीक कोंडा, आणि मधली कातडी जवळपास स्वच्छ. हातावर असता तर काकूंनी पटकन गजकर्ण म्हणून ओळखला असता. लहानपणी गल्लीतल्या अर्ध्या पोरांच्या गालावर तो पाहिलेला होता. पण जांघेतलं दुखणं बाई स्वतःपाशीसुद्धा नावानिशी बोलत नाही. काकूंनी जंतुनाशक टाकून कढत पाण्यानं शेकलं, पावडर थापली, आणि कामावर टेबलाच्या कोपऱ्याला मांडी घासून वेळ निभावली. टेबलाचा कोपरा असा उपयोगी पडतो हे आणखी कुणाला माहीत आहे की नाही, हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला. तो शाळेची गाडी चालवतो, दिवसभर रेक्झिनच्या सीटवर बसून. "अगं, हे तर मलाही झालं होतं," म्हणाला, आणि खिशातून एक दबलेली ट्यूब काढून दिली. नाक्यावरच्या औषधवाल्यानं दिलेली. डॉक्टर नको, चिठ्ठी नको, नुसतं 'खाज' म्हटलं की तो मान मागे न वळवता बरोबर त्याच खणातून काढून देतो. गल्लीत सगळे त्याला डॉक्टर म्हणतात, आणि त्यानंही कधी नाही म्हटलेलं नाही.

ट्यूब लावली आणि खाज दोन दिवसांत गेली. चौथ्या दिवशी गोलही फिका पडला. काकू इतक्या सुखावल्या की त्यांनी बावीस वर्षांत केली नव्हती अशी गोष्ट केली. डब्याच्या सुट्टीत, कपडे बदलायच्या खोलीत, त्यांनी बायकांपुढे जांघेचा विषय काढला. आणि बघता बघता रोलरवरची एक, घड्या घालणारी एक आणि पलीकडच्या टेबलावरची एक, अशा तिघी माना खाली घालून म्हणाल्या, "काकू, नाव सांगा ना त्या मलमाचं." काकूंनी नावच काय, ट्यूबच आणून दिल्या. सगळ्यांत जुनी बाई आपणच, आपण नाही सांभाळायचं तर कुणी सांभाळायचं, असा त्यांचा भाव होता. तो भाव आठवला की आजही त्यांच्या अंगाची आग होते.

कारण महिन्याभरात गोल परत आला. पुन्हा ट्यूब, पुन्हा दोन दिवसांचं सुख, पुन्हा खाज. दर वेळी सुखाचे दिवस कमी आणि जागा जास्त. डावी जांघ, मग मागे बसायच्या जागेवर, मग पँटचा पट्टा जिथे रुतायचा तिथे कंबरेभोवती. आणि आता तो गोलही राहिला नव्हता. कडा फिसकटल्या, सगळी जागा तांबूस-काळपट, जणू दुसराच कसला आजार. औषधवाल्याला जाऊन सांगितलं तर त्यानं शांतपणे जास्त 'पॉवर'ची ट्यूब काढली. दहा महिने हे चाललं. शेवटी शेवटी जांघेतली कातडी इतकी पातळ झाली की रुमालानं टिपलं तरी चरचरायची, आणि मांडीच्या आत लाल-जांभळ्या लांब रेघा उठल्या. काकूंना वाटलं आपल्याच नखांचे ओरखडे आहेत. त्यांनी नखं मुळापर्यंत कापली, पण रेघा काही गेल्या नाहीत.

मग एक दिवस वेटरचा कोट इस्त्री करता करता पाय इतके भगभगले की डोळ्यांतून पाणी आलं. काकूंनी इस्त्री उभी केली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि थेट सरकारी दवाखान्याच्या त्वचा विभागात जाऊन रांगेत उभ्या राहिल्या. बरोबर पिशवीत रिकाम्या ट्यूबा घेतल्या होत्या. फेकायची सवय नव्हती म्हणून साठलेल्या. डॉक्टरीणबाईंनी पडद्यामागे तपासलं, बाहेर येऊन हात धुतले, टेबलावर ओतलेला तो ट्यूबांचा ढीग पाहिला आणि त्यांचा पारा चढला. कुणी सांगितलं होतं हे लावायला, स्वतःच्या मनानं औषधं कशाला घेता, कातडीची वाट लावून झाल्यावर आमच्याकडे येता, असं बरंच बोलल्या. रांगेतल्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

काकू ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. "बाई," त्या म्हणाल्या, "मला लिहिता-वाचता येतं, पण या ट्यूबवरचं मुंगीएवढं इंग्रजी येत नाही. ज्याला येतं त्यानं दिली, दुकानात उघड्यावर दिली, आणि 'बरं होईल' म्हणून दिली. तुम्ही मला रागावताय. त्याला कोण रागावणार?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली, एक ट्यूब उचलली आणि पेनाचं टोक एका ओळीवर टेकवलं. "हे बघा. यात बुरशीचं औषध आहे, जंतूंचं आहे, आणि हे तिसरं आहे ना, क्लोबेटासोल, हे स्टेरॉइड. स्टेरॉइड खाज दाबतं, लाली दाबतं. म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं. पण त्या जागेची लढायची ताकदही दाबतं, आणि खाली बुरशी आरामात वाढते. या रेघा नखांच्या नाहीत. कातडी आतून फाटलीय. बुरशी जाईल. या रेघा फिक्या होतील, पण पुसल्या जाणार नाहीत."

काकूंनी ते ऐकलं. पन्नाशीला आलेल्या बाईच्या मांडीवरच्या रेघा बघणार कोण, असं कुणी म्हणेल. पण अंग आपलं असतं, आणि दुसऱ्याच्या आळसामुळे त्यावर उठलेली खूण आपण जन्मभर वागवायची, हे काकूंच्या काही केल्या गळी उतरेना. त्या विचारतच राहिल्या की पुसणार नाहीत म्हणजे कधीच नाहीत का, आणि डॉक्टरीणबाई तेच उत्तर देत राहिल्या.

बाईंनी कडेचा कोंडा पात्यानं हलकेच खरवडून काचेवर घेतला आणि तपासायला पाठवला. थोड्या वेळानं चिठ्ठी आली, बुरशीच होती. यकृताची रक्ततपासणी झाली, हृदयाचं काही दुखणं आहे का, दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत का, तेही विचारून झालं. मग औषध ठरलं. पोटातून घ्यायची बुरशीची कॅप्सूल रोज, तीही भरल्या पोटी जेवणानंतर, आणि काकू घेत त्या पित्ताच्या गोळीबरोबर मुळीच नाही, नाहीतर ती अंगी लागत नाही. लावायला साधं बुरशीचं मलम, ज्यात स्टेरॉइडचा थेंब नाही. ते चट्ट्याच्या कडेपासून दोन बोटं बाहेरपर्यंत लावायचं, आणि चट्टा गेला असं वाटलं तरी पुढे दोन आठवडे लावतच राहायचं. खाजेसाठी संध्याकाळी एक गोळी. अंघोळीनंतर जांघा पूर्ण कोरड्या करायच्या, सैल सुती कपडे घालायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा.

"आणि जुनी ट्यूब बंद केली की पहिले दोन-तीन आठवडे खाज भडकेल," बाई म्हणाल्या. "वाटेल की माझं औषध लागू पडत नाही. तेव्हा परत तिकडे गेलात की सगळं मुळापासून सुरू. आणखी एक. आतले कपडे गरम पाण्यात धुवा, उलटे करून उन्हात वाळवा, आणि घालण्याआधी त्यांना कडक इस्त्री करा. बुरशी शिवणीत बसून राहते. घरात आणखी कुणाला आहे का?"

"मिस्टरांना होतं. त्यांचं बरं झालंय," काकू म्हणाल्या. नवऱ्यानंच तसं सांगितलं होतं.

आता कडक इस्त्री म्हटल्यावर काकूंना हसू यायला हवं होतं, पण घोर लागला. दिवसभर इस्त्री धरणारी बाई घरी इस्त्री ठेवेल कशाला? त्यांच्या घरात ती नव्हतीच. आणि लाँड्रीत तर जुना दंडक होता, की आतले कपडे टेबलावर चढायचे नाहीत. गिऱ्हाइकाच्या गाठोड्यात चुकून एखादी चड्डी आली तर ती चिमटीत धरून, घडी घालून, तशीच परत जायची. नव्या मुलीला काकूच पहिल्या दिवशी हा नियम शिकवायच्या. म्हणजे हजारो चादरींवर इस्त्री फिरवलेल्या या बाईनं एकाही चड्डीवर ती कधी फिरवली नव्हती.

पहिले दोन आठवडे कसे गेले ते विचारू नये. बाईंनी सांगितलं तसंच झालं, उलट सांगितलं त्याहून वाईट. सगळी जागा लालबुंद झाली, गोल पुन्हा कडेसकट उगवले, आणि खाज अशी की काकू रोलरच्या गडगडाटात दात खाऊन उभ्या राहायच्या. नवरा रोज नवी ट्यूब पुढे करायचा. "थोडीशी लाव. कशाला जिवाचे हाल करतेस? मी नाही का बरा झालो?" काकू वेगळ्या अंथरुणावर झोपू लागल्या, टॉवेल वेगळा केला, बादलीसुद्धा वेगळी केली. नवरा म्हणाला, एवढी पथ्यं तर बाळंतिणीला नसतात. एका दुपारी खरंच त्यांचा हात ट्यूबच्या झाकणापर्यंत गेला. झाकण फिरवलंही होतं. मग त्यांना त्या न पुसल्या जाणाऱ्या रेघा आठवल्या आणि त्यांनी ट्यूब पिळून पिळून मोरीत रिकामी केली.

इस्त्रीचं मात्र ठरवलं. डब्याच्या सुट्टीत टेबलं रिकामी असतात. काकू घरून धुतलेले, वाळलेले कपडे पिशवीत आणायच्या, टेबलाच्या गादीवर आपलं जुनं सुती कापड पसरायच्या आणि पाच मिनिटांत काम उरकायच्या. आठ दिवस कुणाला कळलं नाही. नवव्या दिवशी सुपरवायझर हात पुसत लवकर आला आणि टेबलाशी थबकला. तो चिडून ओरडला असता तर एक वेळ चाललं असतं. पण त्यानं नाक मुरडलं, डबे खात बसलेल्या बायकांकडे वळला आणि म्हणाला की बघा, ज्या आपल्याला नियम शिकवतात त्यांचं हे काम. हॉटेलच्या पाहुण्यांच्या चादरी असतात या टेबलावर. ही घाण इथे आणायची?

"घाण नाही," काकू म्हणाल्या. "धुतलेले कपडे आहेत. जांघेत गजकर्ण झालंय मला. डॉक्टरांनी इस्त्री करायला सांगितलीय, आणि माझ्याकडे इस्त्री ही एवढीच आहे."

सुपरवायझरचे कान तांबडे झाले. जांघ हा शब्द बाईच्या तोंडून ऐकायची त्याची तयारी नव्हती. काकूंची बोलायची तयारी मात्र दहा महिन्यांपासून होत आली होती. त्यांनी पँटची चिमूट धरून दाखवली. हे कापड कुणी निवडलं? एकच जोड कुणी दिला? पंख्याचं तोंड कुणाकडे आहे? मग त्या बायकांकडे वळल्या. त्या तिघींकडे विशेष. "आणि मी तुम्हाला ट्यूब दिली ते चुकलं. ती लावू नका. त्यात स्टेरॉइड आहे. माझं काय झालंय ते बघायचं असेल तर दाखवते. कुणाकुणाला आहे अजून?"

एकीनंही मान वर केली नाही. रोलरवाली डब्यातला घास बोटांनी गोळा करत राहिली. घड्या घालणारी उठून पाणी प्यायला गेली. सुपरवायझर म्हणाला, बघा, तुम्हालाच आहे, आणि मालकांना सांगतो म्हणत निघून गेला. काकूंना त्याचा जितका राग आला त्याच्या दसपट त्या तिघींचा आला. आपण जीव तोडून बोलायचं आणि यांनी पाणी प्यायला जायचं. उरलेले कपडे त्यांनी मुद्दाम सावकाश इस्त्री केले, एकेक शिवण दाबून. टेबल कुणी काढून घेतलं नाही. मालक पंधरा दिवस नुसतं 'समज देतो' म्हणत राहिले, आणि मग हॉटेलवाल्यांच्या कामात ते विसरूनही गेले.

त्या बोलाचालीच्या दुसऱ्याच दिवशी डब्याच्या सुट्टीत काकूंनी आपलं कापड पसरायला घेतलं तर टेबलाच्या खालच्या फळीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. दोन सुती चड्ड्या, धुतलेल्या, उलट्या केलेल्या. नाव नाही, निरोप नाही. काकूंनी कुणाकडे पाहिलं नाही. दोन्हींवर गरम इस्त्री फिरवून पुन्हा त्याच कागदात ठेवल्या. आठवडा संपेपर्यंत कागद तीन झाले. त्यांतल्या एकात चड्डीबरोबर अर्धी वापरलेली ट्यूब होती. काकूंनी तिच्यावरची, डॉक्टरीणबाईंनी दाखवली होती ती ओळ पेनानं खोडली आणि कागदावर दवाखान्याचा वार आणि वेळ लिहून दिली.

सहा आठवड्यांनी डॉक्टरीणबाई पडद्यामागून हसत बाहेर आल्या. कोंडा नाही, कड नाही, नुसते काळपट डाग, आणि तेही जातील. रेघांबद्दल काकूंनी पुन्हा विचारलं आणि बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. आणखी दोन आठवडे मलम लावायचं, मग सुट्टी. घरी येऊन काकूंनी वर्षभरात पहिल्यांदा पाय पसरून, निवांत बसून चहा घेतला. बादल्या एक झाल्या. टॉवेल एकाच दोरीवर आले. अंथरूणही.

आणि मलम थांबवून दहा दिवस झाले नाहीत तोच डाव्या मांडीला आतून रुपयाएवढा गोल उठला. कड फुगीर, वर कोंडा, मध्ये साफ. अगदी पहिल्यासारखा.

काकू तो गोल बघत मोरीत उभ्या राहिल्या. ते दात खाऊन काढलेले दिवस, त्या मोजून घेतलेल्या कॅप्सूल, भर खोलीत काढलेली स्वतःची लाज, सगळं पाण्यात. आपलं काय चुकलं ते त्यांना सापडेना. कपडे धुतले, वाळवले, इस्त्री केले. मलम बोट मोजून लावलं. मग त्यांना वाटलं की औषधवाल्यानं दवाखान्याची चिठ्ठी बघूनही मलम बदलून दिलं असणार. शेवटची ट्यूब त्याच्याच दुकानातून घेतली होती. पदरात पुरावा घेऊन, म्हणजे ट्यूब आणि चिठ्ठी, त्या तडक नाक्यावर गेल्या.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. काकूंनी त्यांच्यासमोरच विचारलं. औषधवाल्यानं चिठ्ठी पाहिली, ट्यूब पाहिली आणि दोन्ही सरळ परत केल्या. मलम बरोबर होतं. मग काकूंनी जुनं काढलं. दहा महिने स्टेरॉइड का दिलंत, एका शब्दानं का सांगितलं नाहीत? तो मुळीच ओशाळला नाही. माणसं मागतात म्हणून देतो, म्हणाला. आराम पडला नसता तर मागितली असती का? मी नाही दिली तर पलीकडचा देईल. आणि वर खोचकपणे म्हणाला, "तुम्हाला पटत नसेल ताई, तर घरात आधी सांगा. तुमचे मिस्टर परवाच दोन घेऊन गेले."

काकू घरी आल्या तेव्हा नवरा दुपारच्या फेरीआधी पेपर वाचत बसला होता. त्यांनी पेपर काढून घेतला.

"दाखवा."

"काय?"

"अहो, मी काय म्हणते ते तुम्हाला कळलंय. दाखवा."

तो आधी हसला, मग चिडला, मग वेळ झाली म्हणून चप्पल शोधू लागला. काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यानं त्यांच्यापासून काही लपवलं असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, आणि लपवून लपवलं काय, तर हे. शेवटी तो खिडकीपाशी उजेडात गेला आणि मान फिरवून उभा राहिला. काकूंनी पाहिलं. बरं-बिरं काही झालंच नव्हतं. जांघांपासून गुडघ्याच्या वरपर्यंत सगळं माखलेलं. आणि रेघा. काकूंच्या बारीक होत्या, त्याच्या बोटाएवढ्या रुंद, जांभळ्या, आणि एका जागी कातडी चिरून पाणी येत होतं. तो रोज त्या रेक्झिनच्या सीटवर शाळेच्या दोन फेऱ्या करत होता.

"मला वाटलं, तुला कळलं तर तू सगळं माझ्यावर काढशील," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "आणि ती बंद केली की बसवत नाही गं. गाडी कशी चालवू?"

काकूंना काय काय बोलायचं होतं. तुमच्यामुळे माझे दोन महिने वाया गेले, तुम्ही रोज माझ्यासमोर ट्यूब धरत होता, स्वतः सडत होता आणि मला 'मी नाही का बरा झालो' म्हणत होता. त्यातलं अर्धं त्यांनी बोलूनही टाकलं, आणि तोंड फिरवून रडूनही घेतलं, रागानं. मग बादली पुन्हा वेगळी काढली. टॉवेल दोरीवरून ओढला. आणि गाडीच्या मालकाला स्वतः फोन करून सांगितलं की यांना उद्या सकाळी दवाखान्यात नेणार आहे, दुसरा ड्रायव्हर बघा. काय झालंय असं त्यानं विचारलं. "गजकर्ण," काकू म्हणाल्या. नवऱ्यानं डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी दोघं रांगेत होते. तो उभाच राहिला, बाकावर बसवत नव्हतं. काकूंचा गोल पाहून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, मग नवऱ्याला पडद्यामागे नेलं आणि बराच वेळ लावला. बाहेर आल्यावर त्यांनी हात धुतले आणि पहिल्या दिवशी काकूंना विचारलं होतं तेच विचारलं, त्याच आवाजात.

"हे लावायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

काकू त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्यांना उत्तर पाठ होतं. मालक म्हणणार हॉटेलवाल्यांनी सांगितलं, सुपरवायझर म्हणणार मालकांनी, औषधवाला म्हणणार लोक मागतात. आता हा म्हणणार की औषधवाल्यानं दिली, आणि तिथेच थांबणार.

"नाक्यावरच्या औषधवाल्यानं दिली," नवरा म्हणाला. मग त्यानं घसा साफ केला. रांगेतले लोक ऐकत होते. "आणि हिला मी दिली."

डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहायला लागल्या. काकूंनी पिशवीतून त्याचा टॉवेल काढला, लाकडी बाकावर चौघडी करून पसरला आणि त्याला म्हणाल्या, "बसा आता."